ज्वारीला टोके लागलेत, मारायचे नाहीत. काय करू?

जुळेसोलापूरकर
नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा विचित्र वाटेल, पण मनापासून विचारतोय.

यंदा गुढीपाडव्यापासून मी वर्षभरासाठी अहिंसेचं व्रत घेतलंय. मांसाहार घरात नव्हताच. बोलण्यात आणि विचारातही हिंसा नको, असं ठरवलं. सोमवारी मौन असतं. डासांची कॉइल बंद केली, मच्छरदाणी लावली. इथवर ठीक चाललं होतं.

मार्चमध्ये मंगळवेढ्याहून माळदांडीची चार पोती आणली, पन्नास-पन्नास किलोची. घरात सहा माणसं, रोज किलोभर ज्वारी लागतेच. तीन पोती संपली. परवा चौथं उघडलं आणि हात घातला तर मनगटापर्यंत टोके चढले. काळे, सोंडवाले. आई (वय ७४) म्हणाली, बोरिक लाव आणि चोळून ठेव. शेजारच्यांनी गॅसची गोळी आणून दिली. मी दोन्हीला नाही म्हटलं. त्यावरून घरात जरा आवाज चढला.

आता पोतं तसंच पडलंय. साधना करणाऱ्यांनी अशा वेळी नक्की काय करायचं? किती काटेकोर राहायचं?

बाळीवेसची सून
एवढं काय त्यात! गच्चीवर चादर अंथरा, ज्वारी पातळ पसरा. ऊन लागलं की टोके आपले आपण निघून जातात, कुणाला मारावं लागत नाही. मग कडुनिंबाचा पाला सुकवून पोत्यात घालायचा. आमच्या सासूबाई चाळीस वर्षं हेच करतायत.

टवाळ पार्कचौक
टोके जपून ठेवायचे असतील तर माझ्या सासऱ्यांकडे पाठवा. त्यांच्याकडे फुकटचं काहीही चालतं.

अंडाकरी
माझं मत विचाराल तर माणसाने अतिरेक करू नये. मी श्रावणात, गुरुवारी, एकादशीला आणि सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते तेव्हा मटण खात नाही. बाकी दिवशी खातो. मनात दया असली की झालं. मांसाहार करणारे सगळे वाईट असतात, असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

जुळेसोलापूरकर
@अंडाकरी, मांसाहाराबद्दल मी काहीच म्हटलेलं नाही हो. प्रश्न ज्वारीचा आहे.
@बाळीवेसची सून, आभार. उद्या ऊन पडलं तर करून बघतो.

वखारवाला
मी धान्याच्या गोदामात एकोणीस वर्षं काढलीत. दोन गोष्टी सांगतो.

एक, ती गॅसची गोळी आजच्या आज घराबाहेर काढा आणि ज्यांनी दिली त्यांना परत करा. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड आहे ते. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फीन सुटतो. राहत्या घरात ती वापरायची नसतेच. बंद खोलीत पोत्यात गोळी ठेवून शेजारच्या खोलीत झोपलेली माणसं दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. हिंसा-अहिंसेचा विचार नंतर करा.

दोन, सूनबाईंचं अर्धं बरोबर आहे. मोठे टोके उन्हातून पळतात, सावलीच्या कडेला जमतात. पण तुम्हाला दिसतायत ते फक्त बाहेर आलेले. मादी दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच वाढते आणि आतच कोषात जाते. पावसाळ्याच्या दमट हवेत महिनाभरात पुरा टोका होऊन बाहेर येतो. म्हणून आज चाळलं की पंधरा दिवसांनी पुन्हा तेवढेच. उन्हात आतली अळी कुठे पळणार? ऊन कडक असेल तर ती आतल्या आत भाजते, आणि श्रावणातलं ऊन असेल तर नुसतीच कोमट होते. म्हणजे "कुणी मरत नाही" हे काही खरं नाही.

किती लागण आहे ते बघायचं असेल तर पोत्याच्या मधून मूठभर काढा, शंभर दाणे मोजा, मिठाच्या पाण्यात टाका. पोकळ झालेले वर येतात.

बाळीवेसची सून
अगं बाई. म्हणजे चाळीस वर्षं आम्ही भाजतच होतो म्हणायचं.

मास्तर (निवृत्त)
मी शाळेत विज्ञान शिकवलं आणि घरात दिगंबर जैन परंपरा, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्हीकडून ओळखीचा आहे.

आमच्याकडे गृहस्थाची हिंसा चार प्रकारची मानतात. मारायचंच म्हणून मारणं ती संकल्पी. रांधणं, झाडणं, दळणं यात होते ती आरंभी. शेती-धंद्यात होते ती उद्योगी. स्वतःच्या नाहीतर दुसऱ्याच्या रक्षणासाठी करावी लागते ती विरोधी. गृहस्थाने पहिली पूर्ण सोडायची, बाकीच्या तीन जमतील तितक्या कमी करायच्या. मुनींना चारही वर्ज्य. म्हणून "किती काटेकोर" याचं उत्तर माणूस कुठल्या पायरीवर उभा आहे त्यावर ठरतं. तुम्ही गृहस्थ आहात, मुनींचं माप स्वतःला लावू नका.

पण याचा अर्थ "दळणं आरंभी, मग दळून टाका" असाही नाही. दाण्यात जीव आहे हे आता तुम्हाला कळलंय. कळल्यावर दळलं तर ते आरंभीत बसतं का, याबद्दल मला तरी शंका आहे. आमच्या आईच्या हातात टोकलेला दाणा आला तर ती तो दळणात जाऊ देत नसे. दिवसाउजेडी सुपात घेऊन धान्य शोधायची. निघालेले टोके उघड्यावर फेकायचे नाहीत, मुंग्या नेतात. एका मडक्यात मूठभर दाणे घालून सावलीत ठेवायची.

आणि मुख्य म्हणजे तिच्याकडे चार पोती नसायची. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. चातुर्मासात धान्यही पंधरा दिवसांपुरतंच. तुमची चूक ऑगस्टमधली नाही, मार्चमधली आहे.

टवाळ पार्कचौक
सर, तुम्ही मार्चमध्ये कुठे होता?

मोहोळचा शेतकरी
वाचून हसू आलं, राग मानू नका. ज्वारी तुमच्या पोत्यात यायच्या आधी आमच्याकडं काय काय झालं ते सांगतो. नांगरटीला किती किडे मेले ते देवाला म्हाईत. कणसात दूध भरलं की पाखरांचे थवे येतात. माळ्यावर उभं राहून पहाटेपासून गोफण मारायची, डबं वाजवायचं. दगड पाखराला लागू नये असंच बघतो, पण लागतो कधी. खळ्यावर उंदीर. मग तुमच्या घरी ती पांढरी टिपूर माळदांडी येते आणि तुम्ही म्हणता आता अहिंसा सुरू.

आमचे आजोबा पेवात ज्वारी ठेवायचे. पेव बंद केलं की आत हवा नाही, किडा गुदमरून मरतो. त्याला तर कुणी औषधबी म्हणत नव्हतं.

योगवर्ग सातरस्ता
शेतकरीदादांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. पतंजलींनी हिंसेला तीन दारं सांगितलीत: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली, आणि दुसऱ्याने केली तिला मान हलवलेली. आमच्या वर्गातली एक ताई टोकलेली ज्वारी दळत नाही, सरळ गिरणीतून तयार पीठ आणते. गिरणीवाल्याने कुठली ज्वारी दळली हे तिला दिसत नाही, एवढाच फरक.

@अंडाकरी, तुमचा मुद्दा तुम्हाला वाटतो तितका विषयाबाहेरचा नाही. व्यासभाष्यात कोळ्याचं उदाहरण आहे. तो म्हणतो, मी फक्त मासेच मारीन, बाकी कुणाला नाही. दुसरा म्हणतो, तीर्थाच्या ठिकाणी मारणार नाही. तिसरा म्हणतो, चतुर्दशीला मारणार नाही. ही मर्यादा घातलेली अहिंसा. तिला तिथे खोटी म्हटलेलं नाही, फक्त महाव्रत म्हणत नाहीत. तुमचा गुरुवार त्यातलाच.

अंडाकरी
म्हणजे मी व्यासांच्या यादीत आहे! बायकोला दाखवतो.

दहा दिवस मौन
मी विपश्यनेची तीन शिबिरं केलीत. बौद्ध परंपरेत हा प्रश्न इतका अवघड नाही. हत्या पूर्ण व्हायला पाच गोष्टी लागतात: जीव असणं, जीव आहे हे माहीत असणं, मारण्याचा हेतू, त्यासाठी प्रयत्न, आणि त्याने झालेला मृत्यू. तुमचा हेतू भाकरीचा आहे, मारण्याचा नाही. चाळा, दिसतील ते बाजूला ठेवा, दळा, खा. शील मोडत नाही. उगाच अपराधी वाटून घेणं ही पण एक गाठच.

मास्तर (निवृत्त)
@दहा दिवस मौन, हेतूला महत्त्व आमच्याकडेही आहे. मुनी खाली बघून जपून चालत असताना एखादा जीव अचानक पायाखाली आला तर ती हिंसा धरत नाहीत. पण उलट बाजूही आहे. बेपर्वाईने चाललात आणि काहीच मेलं नाही, तरी हिंसा झाली. आमच्याकडे "मारायचं नव्हतं" एवढं पुरत नाही, "जपलं होतं का" हेही विचारतात. टोके चढलेलं पोतं डोळ्यांनी बघून गिरणीत ओतणं याला जपणं म्हणता येईल का?

दहा दिवस मौन
सर, असं धरलं तर पाणी पिणंही अवघड होईल.

मास्तर (निवृत्त)
अवघड आहेच. म्हणून तर दुहेरी कापडातून गाळून पितात, आणि गाळण्यात राहिलेलं जपून ज्या विहिरीतलं पाणी त्याच विहिरीत सोडतात. आता नळाचं पाणी आल्यावर ते परत कुठे सोडायचं, यावर आमच्या घरात तीस वर्षं वाद आहे. मिटलेला नाही.

जुळेसोलापूरकर
वखारवाल्यांनी सांगितलं तसं केलं. गोळी परत दिली. शंभर दाणे मोजून मिठाच्या पाण्यात टाकले. सतरा वर आले. ते नखाने फोडून बघितले. अकरा रिकामे, नुसता भुसा. सहांमध्ये पांढरी अळी होती, तांदळाच्या कणीएवढी, पाय नसलेली, वळवळणारी. बाहेर आल्यावर दोन मिनिटांत थंड.

म्हणजे अहिंसेची परीक्षा घेताना मी सहा मारले. हे फोडल्यावर लक्षात आलं.

वखारवाला
माझीही चूक, तरंगले तेवढं बघून थांबा असं सांगायला हवं होतं.

आता हिशेब ऐका. माळदांडीचे हजार दाणे साधारण पस्तीस ग्रॅम भरतात. पन्नास किलो म्हणजे चौदा लाखांवर दाणे. शंभरात सहा धरले तर आत ऐंशी हजारांच्या वर अळ्या आहेत. एका मुठीवरचा अंदाज आहे, कमीजास्त होईल. पण आकडा शेकड्यात नाही, हे नक्की.

गाईला घातलं तरी मरणार. पाखरांना टाकलं तरी मरणार. पोतं तसंच ठेवलं तर वाढत जाऊन शेवटी धान्य संपून मरणार, आणि मधल्या काळात शेजारच्या डाळीत जाणार. कुणी न मरता सुटका होईल असा रस्ता मला तरी दिसत नाही.

पुढच्या वर्षी मात्र आहे. ज्वारी येते तेव्हा आपल्याकडे एप्रिलचं बेचाळीस अंशाचं ऊन असतं. भरण्याआधी तीन-चार दिवस तापवा. दाणा दाताखाली कट्‌ असा फुटला पाहिजे, दबला तर ओल आहे. ओल दहा टक्क्यांच्या आसपास आली की टोक्याला आत पिल्लं वाढवणं जड जातं. गरम असताना भरू नका, रात्रभर निववा, नाहीतर पिंपात घाम धरतो. मग घट्ट झाकणाचं पत्र्याचं पिंप. शेतातूनच अंडी आली असतील तर ती या उन्हात मरतील, ते खोटं सांगत नाही. पण तेव्हा ती शेकड्यात असतील, ऐंशी हजार नसतील.

चादरवाला
धागा वाचतोय. आमचे मागाचे कारखाने, सुती चादर-टॉवेल, त्यामुळे निदान या बाबतीत सुटलो. पण घरात लग्नाला रेशमीच लागतं आणि तो धागा कोष उकळून काढतात, आत किडा असतोच. सोवळ्यातलं रेशीम नेसून अहिंसेवर प्रवचन ऐकणाऱ्या बायका मी बघितल्यात. टोक्याचं एवढं, मग रेशमाचं काय?

बाळीवेसची सून
@चादरवाला, बायकाच का हो? कद नेसून पूजेला बसणारे पुरुष दिसले नाहीत का?

चादरवाला
दिसले. चुकलं.

अक्कलकोटरोड
मी इतका वेळ वाचत होते. मूळ पोस्टमधली एक ओळ सगळे ओलांडून गेले. "घरात जरा आवाज चढला." म्हणजे काय झालं?

आमची आजी लिंगायत, कन्नडच बोलायची. तिला बसवण्णांचं एक वचन पाठ होतं, रोज सकाळी म्हणायची. त्यात चोरू नको, मारू नको, खोटं बोलू नको आणि त्याच दमात रागावू नको, दुसऱ्याची किळस करू नको, आपली बढाई मारू नको, समोरच्याला हिणवू नको असं आहे. मारणं आणि हिणवणं एकाच ओळीत. तिला वेगळं खातं करता येत नव्हतं. तुम्ही आईला काय बोललात?

जुळेसोलापूरकर
सांगायची लाज वाटते. म्हणालो, "तुला पाप-पुण्य काही कळतं का, सगळा जन्म किडे-मुंग्या मारण्यात गेला तुझा." ती काही बोलली नाही. त्या रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सोमवार, माझं मौन. म्हणजे माफीही मागता आली नाही. खरं सांगायचं तर मागायची नव्हती म्हणून मौन बरं वाटलं.

योगवर्ग सातरस्ता
हे शेवटचं वाक्य प्रामाणिक आहे. मौनाचा असा वापर मीही केलाय, नवऱ्याशी भांडण झालं की.

दहा दिवस मौन
माझीच गंमत सांगतो. पहिल्या शिबिरात माझ्या मागे बसलेला एकजण सारखा खोकायचा. नऊ दिवस मी तोंडातून शब्द काढला नाही, आणि नऊ दिवस मनात त्याला अशा शिव्या दिल्या की बाहेर दिल्या असत्या तर हाकललं असतं. दहाव्या दिवशी बोलायची परवानगी मिळाल्यावर तोच पहिला माझ्याकडे आला. म्हणाला, दम्याचा त्रास आहे, तुम्हाला फार त्रास झाला असेल, माफ करा. मी मच्छर मारला नव्हता म्हणून स्वतःवर खूश होतो.

मास्तर (निवृत्त)
अक्कलकोटरोड ताईंनी जे पकडलं ते माझ्याकडून सुटलं, मी ज्वारीतच अडकलो.

आमच्याकडे अहिंसाव्रत सांभाळायच्या पाच भावना सांगतात. जपून चालणं, वस्तू जपून उचलणं-ठेवणं, अन्न बघून खाणं ही तीन झाली. पण उरलेल्या दोन म्हणजे वाणीवर ताबा आणि मनावर ताबा. ती सत्याच्या व्रतात नाहीत, अहिंसेच्याच व्रतात आहेत. आणि गृहस्थाच्या या व्रताला डाग लावणाऱ्या पाच गोष्टी मोजल्यात: बांधणं, मारहाण करणं, अवयव छेदणं, झेपणार नाही इतकं ओझं लादणं, आणि पाचवी, अन्नपाणी अडवणं. हे जनावरांसाठी सांगतात असं सगळे समजतात. तुमची आई त्या रात्री उपाशी झोपली. ती कशामुळे, ते तुम्हीच ठरवा.

तुम्हाला दुखवायचं नाही. माझ्या पत्नीशी पिठाच्या मर्यादेवरून मी चार वर्षं भांडलोय. चौथ्या दिवशीचं पीठ मी तिच्यासमोर परातीतून उचलून बाहेर ठेवायचो. तिला किती लागायचं, ते ती गेल्यावर सुनेकडून कळलं.

मोहोळचा शेतकरी
सर, हे बरं लिहिलंत.

टवाळ पार्कचौक
(आज विनोद नाही.)

अंडाकरी
मग त्या पोत्याचं काय झालं शेवटी? मूळ प्रश्न तोच होता ना? मलाच विषयाबाहेर म्हणाला होतात.

जुळेसोलापूरकर
सांगतो. काल आईजवळ जाऊन बसलो, माफी मागितली. ती म्हणाली, "तुझ्या आज्याला दुष्काळात टोकलेली ज्वारी निवडून घातलीय मी, टोके फेकले नाहीत, कोंबड्यांना दिले. मला पाप विचारतोस?" आणि उठून चहा ठेवला. माफी मिळाली की नाही, कळलं नाही.

पोतं अजून गच्चीवरच्या खोलीत आहे. चाळून मोठे टोके मास्तरांच्या आईसारखे मडक्यात ठेवलेत, मूठभर दाण्यांसकट, सावलीत. आतल्या अळ्यांचं काय करायचं ते ठरलेलं नाही. बायको म्हणते गोठ्यात देऊन टाक. दहा-दिवस-मौन म्हणतात तसं दळावं, तर सहा अळ्या डोळ्यांसमोर येतात. सध्या दुकानातून पाच-पाच किलो आणतोय. ती ज्वारी कुणी कशी राखली ते विचारलेलं नाही, योगवर्गवाल्या ताई म्हणतील ते मान्य.

आज सकाळी आई खालून ओरडली, चाळण कुठे ठेवलीस, पोत्यात पुन्हा दिसायला लागलेत. बारा दिवस झाले होते.

वखारवाला
बाराव्या दिवशी? मग लागण माझ्या अंदाजापेक्षा जास्त आहे.

बाळीवेसची सून
त्या मडक्यावर फडकं बांधलंत ना? नाहीतर तुमचे पाहुणे डाळीच्या डब्यात पोचले असतील.

जुळेसोलापूरकर
बांधलं नव्हतं. बघून येतो.